अंगावर काढलेलं दुखणं

मेन्ना बेवनला पाण्यात असताना बरं वाटायचं. अबेरगोर गावच्या पोहण्याच्या तलावावर ती पोरांना शिकवायची, आणि गावात सगळे म्हणायचे, ओल्वेनची पोरगी म्हणजे मासोळीच आहे, हिला जमिनीवर करमत नाही. लोकांना वाटायचं तिला पोहण्याचं वेड आहे. तसं काही नव्हतं. तेरा-चौदा वर्षांची असताना तिला एवढंच कळलं होतं की तलावाच्या कोमट पाण्यात उतरलं की कमरेखालचा तो पीळ थोडा सैल पडतो. बाकी कशानेच पडायचा नाही.

पहिल्या पाळीपासूनच तिला ओकाऱ्या व्हायच्या. शाळेत बाकावर बसवायचं नाही. मग ओल्वेनला निरोप जायचा. ओल्वेन शाळेच्याच स्वयंपाकघरात कामाला होती. ती एप्रनला हात पुसत यायची, पोरीला घरी न्यायची, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि दर वेळी एकच सांगायची.

"आपल्या घरातल्या बायकांचं असंच असतं बाळा. माझ्या आईचं असंच होतं, माझंही असंच आहे. रडून काही कमी होत नाही. दात आवळायचे आणि दोन-तीन दिवस काढायचे."

ओल्वेनच्या मनात लबाडी नव्हती. तिने स्वतः तसंच काढलं होतं. दुखणं फार झालं की ती मागच्या कोठीतल्या गार फरशीवर पालथी पडायची, आणि मेन्नाचे वडील बाहेरून विचारायचे, "जेवण आहे का आज?" पुढे चाळिशीत तिची गर्भपिशवी काढून टाकली. कशासाठी, ते तिने नीट विचारलं नाही आणि कुणी नीट सांगितलंही नाही. "गाठी होत्या," एवढंच ती म्हणायची.

गावचे डॉक्टर प्रॉसर म्हणजे देवमाणूस. अर्ध्या गावाला त्यांनी जन्माला येताना पाहिलेलं. मेन्ना सोळाची असताना ओल्वेन तिला घेऊन गेली, तर ते चष्म्यावरून पाहत हसले. "पाळीत दुखतंच. एक मूल झालं की सगळं सरळ होतं, बघ." त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं जायचं नाही, फक्त भिंतीपलीकडे गेल्यासारखं वाटायचं. मग कॉलेजात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गर्भनिरोधक गोळी सुरू करून दिली, आणि पहिल्यांदा महिन्याचे ते चार दिवस माणसासारखे गेले. मेन्नाला वाटलं, सुटले. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. गोळीने बरं वाटतंय म्हणजे मोठं काही नाही, असा हिशेब. आत जे होतं ते बरं झालं नव्हतं, गोळीच्या पांघरुणाखाली हळूहळू पसरत होतं. हे कळायला पुढे बरीच वर्षं जायची होती.

मधल्या वर्षांत तिला जे व्हायचं ते एका जागी राहायचं नाही, हीच तर मोठी अडचण. कधी पोट ढोलासारखं फुगायचं, स्कर्टची बटणं लागायची नाहीत. पाळीच्या दिवसांत संडासला बसलं की आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. कमरेतून कळ निघून मांडीत उतरायची. आणि थकवा तर असा की दुपारी पोरांचा वर्ग संपला की ती कपडे बदलायच्या खोलीत ओल्या टॉवेलवर डोकं टेकून झोपायची. पोटाचं दुखणं घेऊन पोटाच्या डॉक्टरकडे गेली, तर ते म्हणाले तुमचं आतडं चिडखोर आहे, दूध आणि कांदा बंद करा. कमरेचं घेऊन गेली तर व्यायाम सांगितला. एकदा उजव्या बाजूला इतकं दुखलं की घाईघाईने तिचं अपेंडिक्स काढलं. अपेंडिक्स धडधाकट निघालं. सोनोग्राफी झाली, दोनदा झाली, दोन्ही वेळा सगळं ठीक. "आनंदाची बातमी आहे, काही नाही," असं जो तो सांगायचा, आणि मेन्ना घरी येऊन विचार करायची, काही नाही तर मग हे काय आहे?

हळूहळू तिने सांगणंच सोडून दिलं. सांगायला गेलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव यायचा. तो तिला दुखण्याइतकाच ओळखीचा झाला होता.

येस्टिनशी लग्न झालं तेव्हा ती तिशीला आली होती. येस्टिन आसपासच्या गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा. बोलला की मात्र नेमकं बोलायचा. दोघांनाही मूल हवं होतं. त्याने तर डोंगराकडच्या बाजूची छोटी खोली आधीच पिवळी रंगवून ठेवली होती. मेन्ना म्हणाली, "अरे, घाई काय आहे?" तर म्हणाला, "रंग वाळायला वेळ लागतो."

मूल हवं म्हणून तिने गोळी बंद केली, आणि दोन-तीन महिन्यांत दुखणं पांघरूण फेकून उठून बसलं. आता ते पाळीपुरतं राहिलं नाही. येस्टिन जवळ आला की आत खोल कुठेतरी इतकं दुखायचं की तिला तोंड उशीत दाबावं लागायचं. ती लपवायची. एकदा त्याने दिवा लावला, तर तिचा चेहरा ओला होता.

"मी दुखावतोय का तुला?" त्याने विचारलं.

"तू नाही रे."

"मग कोण?"

तिने हात लांब करून दिवा मालवला.

प्रॉसर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर नान पॅरी या बाईंनी तिला खुर्चीत न बसवता आधी टेबलावर घेतलं आणि आतून नीट तपासलं. इतक्या वर्षांत असं तपासणाऱ्या त्या पहिल्याच. गर्भपिशवीच्या मागे त्यांचं बोट टेकलं तशी मेन्ना किंचाळली.

"इथे?" डॉक्टर पॅरींनी विचारलं. "संडासला जाताना हेच दुखतं? आणि नवऱ्याजवळ असताना?"

"हो."

"किती वर्षं?"

मेन्ना बोटांवर वर्षं मोजू लागली. डॉक्टर पॅरींनी हातमोजे काढले आणि तिच्याशेजारी टेबलाच्या कडेवर बसल्या. "मला वाटतंय हा एन्डोमेट्रिओसिस आहे. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं. अंडाशयावर, आतड्यावर, कुठेही. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर वाट नसते. मग तिथेच व्रण होतात, एकेक अवयव दुसऱ्याला चिकटत जातो. साध्या सोनोग्राफीत ते बऱ्याचदा दिसतच नाही."

"म्हणजे मी खोटं सांगत नव्हते," मेन्ना म्हणाली. त्या क्षणी तिला आजाराचं भय वाटलं नाही. हसू आलं आणि रडूही आलं. डॉक्टर पॅरींनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

पण नाव कळलं म्हणून औषधाची वाट मोकळी झाली असं नाही. हा आजार हाताळणारं मोठं हॉस्पिटल दूर शहरात, आणि तिथल्या रांगेत अख्ख्या मुलखातल्या बायका. नंबर लागेपर्यंत वर्ष उलटून गेलं. एमआरआय झाला. मग एके दिवशी सकाळी येस्टिनने गाडी काढली, आणि दुपारी ते दोघं शल्यचिकित्सक मिस हॅविलंड यांच्यासमोर बसले.

मिस हॅविलंड साठीच्या आसपासच्या, आखूड केसांच्या. त्यांनी काहीही गोड करून सांगितलं नाही. पडद्यावर करडी-काळी चित्रं होती. त्यांनी पेन टेकवून दाखवलं.

"ही गाठ. गर्भपिशवीच्या मागे, तिने आतडं स्वतःकडे ओढून घेतलंय. डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेली मोठी पिशवी आहे, तिला सिस्ट म्हणतात. आणि ही बारीक नळी दिसतेय? मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी. ती गाठीच्या अगदी शेजारून जाते. मूत्रपिंडं आत्ता ठीक आहेत. त्यावर लक्ष ठेवायला हवं."

"मग आता काय करायचं?" येस्टिनने विचारलं.

"दोन रस्ते आहेत. एक हार्मोनचा. रोज एक गोळी, नाहीतर इंजेक्शन. पाळी थांबते, हा आजार झोपी जातो, बऱ्याच जणींचं दुखणं खूप कमी होतं. इंजेक्शनने वेळेआधी पाळी गेल्यासारखं होतं, अंगाला घाम सुटतो, हाडं विरळ होऊ नयेत म्हणून सोबत थोडी हार्मोन परत द्यावी लागतात. पण हे लक्षात घ्या, आजार झोपतो, जात नाही. औषध थांबवलं की बहुतेकदा जागा होतो. आणि ते चालू असताना मूल होणार नाही."

"दुसरा?" मेन्नाने विचारलं.

"दुर्बिणीची शस्त्रक्रिया. आत जाऊन हे सगळं मुळापासून कापून काढायचं. तुमच्या बाबतीत आतड्याचे सर्जनही लागतील. आतड्याचा तुकडा काढावा लागला तर काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावायची वेळ येऊ शकते. यानंतर दुखणं कमी होतं, मूल राहण्याची शक्यता थोडी वाढू शकते. शकते म्हणतेय मी. कारण सिस्ट सोलून काढताना अंडाशयातली चांगली बीजंही थोडी जातात, आणि रक्ततपासणीत तुमची बीजं वयाच्या मानाने आधीच कमी आहेत. शिवाय काही वर्षांत आजार परत येणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत."

"शस्त्रक्रिया कधी होईल?"

मिस हॅविलंड यांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही सर्जन एकत्र लागतात. माझी यादी दीड-दोन वर्षांची आहे. मला लाज वाटते हे सांगताना, पण खरं तेच सांगते. तोवर तुम्ही हार्मोन घ्यावं असं मी सुचवेन. मूल हवं असेल तर तोवरची दोन वर्षं त्यात जातील, हेही मला कळतंय. निवड तुमची आहे. दोन्हींपैकी एक बरोबर आणि एक चूक, असं मला सांगता येणार नाही."

परत येताना समुद्राच्या कडेला एका थांब्यावर येस्टिनने गाडी उभी केली. ओल्वेनने दिलेले चीज-कांद्याचे सँडविच मांडीवर तसेच पडून होते. बाहेर वारा गाडी हलवत होता.

"गोळी घे," येस्टिन म्हणाला.

"आणि मूल?"

"घे म्हणतोय ना."

"मी पस्तिशीची आहे येस्टिन. दोन वर्षं गोळी, मग ऑपरेशन, मग बरं व्हायला काही महिने. बीजं आधीच कमी आहेत म्हणाल्या त्या. गोळीत ती काही साठून राहत नाहीत, ती जातच राहतात."

"मला माहीत आहे ते."

"मग?"

तो समोरच्या काचेकडे बघत बोलला. "तू बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस. मला ऐकू येतं. मी जिन्यावर बसून ऐकतो आणि वर येत नाही, कारण वर येऊन मी करणार काय? मला तू हवीस. मूल झालं तर ठीक."

"तुला खोली पिवळी रंगवायची घाई होती."

बोलली आणि लगेच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. येस्टिनने गाडी सुरू केली. 

ओल्वेनचं म्हणणं तिसरंच. रविवारी प्रार्थनेनंतर चॅपलच्या मागच्या खोलीत ती कपबश्या धूत होती, मेन्ना पुसत होती. "काढून टाक सगळं एकदाचं," ओल्वेन म्हणाली. "माझं काढलं ना? ब्याद गेली."

"गेली?" मेन्नाने विचारलं. "मग अजूनही अधूनमधून दोन-दोन दिवस का झोपून असतेस तू?"

ओल्वेनचा हात साबणाच्या पाण्यात थांबला.  ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं ते वयाचं आहे."

त्या दिवशी दोघींना एकदमच कळलं की ओल्वेनलाही हेच होतं, कदाचित तिच्या आईलाही. गर्भपिशवी काढली, पण बाहेर वाढलेलं आतच राहिलं असणार. घरातल्या बायकांनी ज्याला घराण्याची रीत समजून सांभाळलं, तो आजार होता. ओल्वेन कपबश्या धूत राहिली. पाण्यात कप संपले तरी ती पाणी ढवळतच होती.

मेन्नाने गोळी घेतली नाही. ऑपरेशनच्या यादीत नाव घातलं आणि तोवर मुलासाठी प्रयत्न करत राहायचं ठरवलं. हा वेडेपणा होता असं पुढे कुणी म्हणालं नाही, आणि शहाणपणा होता असंही नाही. तिला वाटलं, दुखणं सोसायची सवय तर आहेच. आपल्याला जे येतं ते करावं.

ते दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. महिन्याचे निम्मे दिवस दुखण्यात जायचे. पाळी दोन दिवस पुढे गेली की ती श्वास धरून राहायची, आणि मग एखाद्या सकाळी रक्त दिसायचं आणि पाठोपाठ कळा सुरू व्हायच्या. आशा आणि दुखणं एकाच दाराने येत होती. तलावावर पोरं विचारायची, "मिस, आज तुम्ही पाण्यात का नाही उतरत?" ती काठावर खुर्ची टाकून बसायची, शिट्टी वाजवायची, हाताने दाखवायची. मग पालक तक्रार करू लागले, आणि व्यवस्थापकाने तिचे निम्मे वर्ग दुसऱ्या बाईंना दिले. व्यवस्थापक वाईट नव्हता. "मेन्ना, मी तरी काय करू?" असं तो खरंच विचारत होता.

येस्टिन रोज सकाळी तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरून ठेवायचा आणि कामाला जायचा. ते दोघं जवळ यायचे ते मोजके दिवस साधून, आणि त्यात आता माया कमी आणि काम जास्त होतं. एकदा तो मध्येच उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. "मला नाही जमत," म्हणाला. "तू डोळे मिटून वाट बघत असतेस, कधी संपेल म्हणून." ती म्हणाली, "ये ना. मी ठीक आहे." तो आला नाही.

मूत्रपिंडावर लक्ष ठेवायची सोनोग्राफी सहा महिन्यांनी व्हायची होती. ती पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. मेन्नाने दोनदा फोन केला, आणि मग नाही केला. डाव्या बाजूला, बरगडीखाली, अधूनमधून जड वाटायचं. इतक्या दुखण्यांत त्याला वेगळं कोण काढणार?

शस्त्रक्रियेची तारीख आली तेव्हा हाता-पायांत बळ आल्यासारखं वाटलं. ओल्वेनने तव्यावर वेल्श केक भाजले. पूर्वतयारीच्या तपासण्यांसाठी ते शहरात गेले. सोनोग्राफी करणाऱ्या बाई आधी गप्पा मारत होत्या, मग गप्प झाल्या, मग "एक मिनिट हं" म्हणून बाहेर गेल्या. त्या गप्प होण्याचा अर्थ मेन्नाला कळला. आजवरच्या तपासण्यांत कुणी असं गप्प झालं नव्हतं, म्हणून तर दुखणं इथवर आलं होतं.

मिस हॅविलंड स्वतः आल्या. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"डावं मूत्रपिंड सुजलंय," त्या म्हणाल्या. "गाठीने ती नळी आवळत आवळत बंद केली. लघवी वरच तुंबून राहिली. हे बऱ्याचदा काही न जाणवता होतं."

"किती खराब झालंय?" येस्टिनने विचारलं.

"पाठीतून नळी घालून तुंबलेलं पाणी काढू. काही आठवडे वाट बघू. काम परत सुरू होतंय का ते पाहू." त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "मला फार आशा वाटत नाही. मागची तपासणी वेळेवर व्हायला हवी होती. ती आमच्याकडून झाली नाही."

मेन्नाने छताकडे बघत विचारलं, "मी गोळी घेतली असती तर?"



"माहीत नाही," मिस हॅविलंड म्हणाल्या. "गाठ कदाचित वाढली नसती. काहींमध्ये गोळी घेऊनही वाढते. नळी व्रणाने आवळली गेली असेल तर गोळीने तो व्रण सुटतही नाही. मी हो म्हणाले तरी खोटं, नाही म्हणाले तरी खोटं."

 "मी सांगत होतो," असं येस्टिन म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. त्याने फक्त तिचा कोट उचलून हातावर घेतला आणि धरून उभा राहिला.

पाठीत नळी आणि कमरेला लघवीची पिशवी लावून ती काही आठवडे घरी होती. मूत्रपिंड जागं झालं नाही. मग शस्त्रक्रिया झाली, दुर्बिणीतूनच, पण दिवसभर चालली. गाठ कापली, आतडं सोडवलं. आतड्याचा तुकडा काढावा लागला नाही, पोटावर पिशवी आली नाही. हीच तेवढी चांगली बातमी. अंडाशयातली सिस्ट सोलली. आणि निकामी झालेलं मूत्रपिंड काढून टाकलं. शुद्धीवर आल्यावर मेन्नाला पहिल्यांदा जाणवलं ते हे की आतला तो जुना पीळ नाही. कापल्याचं दुखत होतं, पण ते साधं, सरळ दुखणं होतं, कुणालाही समजेल असं. तिने ते येस्टिनला सांगायचा प्रयत्न केला, पण औषधाच्या गुंगीत शब्द जुळले नाहीत. त्याला वाटलं, तिला पाणी हवंय.

पुढचं वर्ष त्यातल्या त्यात बरं गेलं. ती पाण्यात उतरली. संडासला बसताना दाराची मूठ धरावी लागत नव्हती. येस्टिन आणि ती पुन्हा जवळ येऊ लागले, सावधपणे, आजाऱ्याला पहिल्यांदा चालवताना धरावं तसे. मिस हॅविलंड म्हणाल्या होत्या, मूल हवं असेल तर हार्मोन सुरू करू नका, पण वेळही घालवू नका. काही महिने वाट पाहिली, मग टेस्ट ट्यूबचा एक प्रयत्न झाला. इंजेक्शनं घेऊनही अंडाशयांनी दाद दिली नाही. एकच बीज मिळालं, आणि त्याचा गर्भ तयार झाला नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की तुमचंच बीज घेऊन पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ वाटत नाही. त्या वेळी येस्टिन एका गोठ्यात यंत्राखाली आडवा पडून दुरुस्ती करत होता. मेन्नाने त्याला फोन केला. पलीकडे गायी हंबरत होत्या.

"बरं," तो म्हणाला. आणि मग, "घरी येतोच."

त्यानंतरच्या वसंतात तो पीळ परत आला. सुरुवातीला तिने स्वतःला सांगितलं, जेवणातलं काही असेल, शस्त्रक्रियेच्या व्रणाचं असेल. पण ओळखीचा पाहुणा दारात उभा राहिला की ओळख विचारावी लागत नाही. तीच जागा, तीच वेळ, मांडीत उतरणारी तीच कळ. डॉक्टर पॅरींकडे जाऊन तिने खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "परत आलंय."

डॉक्टर पॅरींनी तिला तपासलं. 

"पुन्हा शस्त्रक्रिया करता येते," डॉक्टर पॅरी म्हणाल्या. "पण दर वेळी आत व्रण वाढतात, आणि तुमच्याकडे आता एकच मूत्रपिंड आहे. मी हार्मोनची गोळी सुरू करावी म्हणते. रोज, न चुकता, आणि बहुधा पाळी जायच्या वयापर्यंत. दर काही महिन्यांनी उरलेल्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी. ती मी स्वतः बघेन."

"म्हणजे आता थांबायचं," मेन्ना म्हणाली.

कशाबद्दल, ते डॉक्टर पॅरींनी विचारलं नाही.

मेन्ना तिथून आईकडे गेली. ओल्वेन कोठीत बटाटे सोलत होती. मेन्नाने सांगितलं तशी तिने सुरी बाजूला ठेवली. तिचं वय झालं होतं, हातांवर डाग आले होते.

"मी तुला तेव्हाच नीट दाखवलं असतं..." ओल्वेनने सुरुवात केली.

"आई, नको."

"दात आवळ म्हणायचे मी."

"तुलाही कुणी दुसरं काही सांगितलं नव्हतं ना?"

"त्याने काय होतं?" ओल्वेन म्हणाली. "दुखलं तर तुलाच ना?"

 मेन्नाने दुसरी सुरी घेतली आणि बटाटे सोलायला बसली. मध्येच ओल्वेन उठली, कमरेवर हात ठेवून जरा थांबली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली. तिलाही दुखत होतं. दोघींनी ते ओळखलं.

गोळीची पाकिटं आठवडाभर स्वयंपाकघरातल्या फळीवर तशीच राहिली. एका सकाळी येस्टिनने कामाचे बूट चढवता चढवता त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर धुकं होतं, डोंगर दिसत नव्हता.

"घेतलीस का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"घेशील?"

तिने पाकीट फोडलं, एक गोळी काढली आणि चहासोबत गिळली. तो बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि आणखी काहीतरी होतं, जे दोघांनाही नीट पाहायचं नव्हतं.

"आता कमी होईल," तो म्हणाला.

"हो. थोड्या महिन्यांनी."

तो तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. गाडी गल्लीतून वळून जाईपर्यंत आवाज येत राहिला. मेन्नाने कप विसळला, आणि तलावावर जायची वेळ झाली म्हणून पिशवी भरायला घेतली.